कारण : घरगुती

ऑगस्टमधली गोष्ट. दोन दिवस संततधार लागलेली, स्टाफरूमच्या खिडकीखाली बादली ठेवलेली, आणि टेबलावर एक अर्ज. एम.सी.ए.च्या पहिल्या सत्रातल्या एका मुलीचा. मी त्या वर्गाची कोऑर्डिनेटर, म्हणून रजेचे अर्ज आधी माझ्याकडे येतात आणि मग विभागप्रमुखांकडे जातात. इंग्रजीत, तीन ओळींचा : घरी तातडीचं काम असल्यामुळे मी 5 ते 19 तारखेपर्यंत वर्गात येऊ शकणार नाही, कृपया रजा मंजूर करावी. खाली सही, रोल नंबर, आणि ‘कारण’ या रकान्यात एकच शब्द – घरगुती.

या शब्दाशी माझी जुनी ओळख आहे. इंदूरच्या शाळांत आम्ही सगळ्यांनी हिंदीतला अर्ज पाठ केला होता. ‘सविनय निवेदन है कि’ने सुरू व्हायचा, मधे ताप यायचा, शेवटी ‘अति कृपा होगी’ असायचं. तो ताप इतक्या वर्षांत उतरलेला नाही. मुलं एम.सी.ए.ला आली तरी अर्जात तापच असतो, नाहीतर घरगुती काम.

पण या मुलीचं घर मला माहीत होतं. रामबागेतली. कॉलेजात मला ‘मॅडम’ म्हणते आणि गणपतीत आरतीच्या वेळी ‘काकू’. आदल्याच रविवारी भाजी घेताना तिची आई भेटली होती आणि कोथिंबीर निवडता निवडता म्हणाली होती, “पुण्याचं काही जमलं तर बघतोय तिचं, मावसबहीण आहे तिकडे, राहायची सोय होईल.” म्हणजे महाराष्ट्राची सी.ई.टी. दिलेली, कॅपच्या, म्हणजे तिथल्या केंद्रीभूत प्रवेशप्रक्रियेच्या, फेऱ्या सुरू झालेल्या, आणि आमच्याकडची जागा हाताशी असावी म्हणून घेतलेली. यात वावगं काही नाही. माझ्या मुलीसाठी मीही तेच केलं असतं. पण अर्ज खोटा होता, आणि तो ज्या कारणासाठी खोटा होता त्या कारणासाठी निरुपयोगीही होता. तिला बोलावलं.

“पंधरा दिवस कशाला हवेत गं?”

ती गप्प. मग म्हणाली, “मॅडम, काउन्सेलिंग आहे. तारखांचं काही खरं नसतं, म्हणून सगळेच मागितले.”

“आणि घरगुती?”

“दुसरीकडे ॲडमिशन घ्यायला जातेय म्हटलं तर इथले सर चिडतील ना. पेपर्स पण यांच्याकडेच आहेत.”

शेवटचं वाक्य ती सहज बोलून गेली, पण खरी अडचण तीच होती. रजा मिळणं-न मिळणं ही त्यातली सगळ्यात किरकोळ गोष्ट.

माझ्या वेळी काउन्सेलिंग म्हणजे भोपाळला जाणं. वडील, मी, स्टीलच्या डब्यात पुऱ्या, आणि वडिलांच्या आतल्या खिशात डिमांड ड्राफ्ट. सभागृहात नंबर पुकारला की पुढे जायचं, उरलेल्या जागा बघायच्या आणि दोन मिनिटांत सांगायचं. तिथे हजर नसलेल्याची जागा गेली. म्हणून त्या काळच्या अर्जात ‘काउन्सेलिंगसाठी तीन दिवस रजा’ या वाक्याला अर्थ होता. शब्द तोच राहिला, काम मात्र बदललं. आता फेऱ्यांचा बराचसा भाग मोबाइलवर होतो आणि त्यासाठी रजा लागत नाही. लागतो तो ओ.टी.पी. येणारा फोन, खात्यात पैसे आणि घड्याळाकडे लक्ष. रजा लागते ती एकदाच, जागा पक्की करायला मूळ कागद घेऊन त्या गावी जाताना. आणि ते ‘एकदाच’ कधी येईल, हे अर्ज लिहिताना माहीत नसतं. असल्या अर्जाचा सगळा पेच हा : जी तारीख अजून ठरलेलीच नाही, तिची रजा मागायची.

आम्ही दोघी बसलो आणि तिच्या लॉगिनमधलं वेळापत्रक कागदावर उतरवून घेतलं. पहिल्या फेरीचं वाटप गुरुवारी संध्याकाळी. शुक्रवारपासून रविवारी पाच वाजेपर्यंत जागा स्वीकारायची, म्हणजे वाटप झालेली जागा आपण अर्जात भरलेल्या माहितीशी पडताळून पाहायची, हजार रुपये स्वीकृती शुल्क भरायचं आणि दोनांतलं एक निवडायचं : फ्रीज किंवा बेटरमेंट. फ्रीज म्हणजे हीच जागा हवी, पुढच्या फेऱ्या माझ्यासाठी संपल्या. बेटरमेंट म्हणजे ही जागा हातात राहू दे, पण पुढच्या फेरीत वरचं काही मिळालं तर ते द्या. मात्र वरचं मिळालं की आधीचं आपोआप जातं. ‘नको, पहिलंच बरं होतं’ म्हणायची सोय नाही. दरवर्षी कोणीतरी हे न कळल्यामुळे रडत येतं.

तिच्या ऑप्शन फॉर्मवर मी नजर टाकली आणि पोटात गोळा आला. पहिल्या क्रमांकावर तिने असं कॉलेज टाकलं होतं जे तिला खरं तर नको होतं. कोणीतरी सांगितलेलं, ‘आधी सेफ टाक’. पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं की पहिल्याच फेरीत ते आपोआप फ्रीज होतं. मागितलं तेच मिळालं, मग पुढे कशाला ठेवायचं, असा तो साधा हिशोब. म्हणजे तिने ‘सेफ’ म्हणून जे वर टाकलं होतं तेच गळ्यात पडलं असतं. खरं तर क्रम लावताना फक्त आपली आवड बघायची. वर अवघड कॉलेजं टाकल्याने खालच्या पसंतीवरचा आपला हक्क कमी होत नाही. मागच्या वर्षीचे कटऑफ बघायचे ते यादी खाली कुठपर्यंत न्यायची हे ठरवायला. फॉर्म अजून लॉक झालेला नव्हता, म्हणून निभावलं.

एक गोष्ट मात्र तिला लागली, आणि खरं सांगायचं तर मलाही. फॉर्मवर तिचा प्रकार होता ओ.एम.एस., म्हणजे महाराष्ट्राबाहेरची उमेदवार. घरात मराठी, दारात मराठी, आजोबा अजून मोडी वाचतात. पण शिक्षण मध्य प्रदेशात, आईवडिलांचा अधिवास मध्य प्रदेशात, त्यामुळे महाराष्ट्राच्या लेखी ती परराज्यातली. तिला जागा मिळणार त्या अखिल भारतीय कोट्यातल्या मोजक्या, आणि मध्य प्रदेशचा तिचा ओ.बी.सी. दाखला तिथे चालणार नाही, खुल्याच प्रवर्गात मोजणार. कर्नाटकच्या सीमाभागातल्या मराठी मुलांसाठी महाराष्ट्राच्या प्रवेशांत वेगळी तरतूद असते. होळकरांच्या इंदूरला आम्ही मराठी असणं त्या रकान्यात बसत नाही. “आजोबांना सांगू नकोस,” मी म्हटलं. तिने आधीच सांगितलं होतं. आजोबा दोन दिवस मुख्यमंत्र्यांना पत्र लिहीत बसले होते.

असो. रजेकडे येते.

पहिल्या फेरीत मनासारखं मिळालं नाही तर ती बेटरमेंट घेणार, आणि त्यासाठी इंदूर सोडायचं कारण नाही. दुसऱ्या फेरीचं वाटप पुढच्या बुधवारी. तिथे फ्रीज केलं तर गुरुवार ते शनिवार पाचच्या आत पुण्याच्या कॉलेजात मूळ कागद आणि फी घेऊन हजर व्हायचं. इंदूरहून पुण्याची स्लीपर बस रात्री निघते, सेंधव्याचा घाट, मग धुळं, आणि सकाळी पुणं. म्हणजे गुरुवारी रात्री निघायचं, शुक्रवारी दिवसभर कॉलेजात, काही कमी पडलं तर शनिवार हातात, शनिवारी रात्री परतीची बस. आम्ही दोघींनी बोटं मोजली. पंधरा दिवसांतले कॉलेजचे दिवस बुडत होते दोन : शुक्रवार आणि शनिवार. पावसात घाट बंद पडला तर सोमवार. दुसऱ्या फेरीत नाही जमलं तर हेच वेळापत्रक तिसऱ्या फेरीपुढे सरकवायचं. सगळ्या फेऱ्यांनंतर रिकाम्या जागांसाठी कॉलेजं स्वतःच्या पातळीवर फेरी घेतात. त्या फेरीला मात्र प्रत्यक्ष जावं लागतं आणि तिच्या तारखा कॉलेजागणिक वेगळ्या. त्यासाठी वेगळा अर्ज, आत्ताच नाही.

पंधराचे दोन झाले तेव्हा ती हसली. मी हसले नाही, कारण पहिली अंतर्गत परीक्षा नेमकी त्या शनिवारी होती. पंचाहत्तर टक्के हजेरीला दोन दिवसांनी काही होत नाही. आमच्या सत्रात नव्वदच्या आसपास दिवस भरतात, वीस-बावीस बुडाले तरी माणूस तरतो. परीक्षेचं तसं नाही. पुण्याचं फसलं तर तिला इथेच शिकायचं होतं, आणि शून्य गुण घेऊन शिकायचं होतं. ‘घरगुती’ लिहून गेलेल्या मुलीची परीक्षा कोणी परत घेत नाही. प्रवेशप्रक्रियेचं छापील वेळापत्रक जोडून, आधी कळवून गेलेल्या मुलीची घेतात. निदान आमचे विभागप्रमुख घेतात, त्यांचा राग बोलण्यात असतो, सहीत नसतो.

आता कागदांचं. आमच्या ऑफिसात बडे बाबू आहेत. त्यांच्या लोखंडी कपाटात तिच्या दहावी, बारावी आणि बी.सी.ए.च्या मूळ गुणपत्रिका होत्या, शिवाय आधीच्या कॉलेजची टी.सी. प्रवेशाच्या दिवशी घेतल्या, पडताळल्या आणि ठेवून दिल्या. विद्यापीठ अनुदान आयोगाची 2018ची अधिसूचना सांगते की मूळ प्रमाणपत्रं विद्यार्थ्यासमोर तपासून लगेच परत करावीत, स्वतःकडे ठेवू नयेत. तंत्रशिक्षण बघणाऱ्या एआयसीटीईचं म्हणणंही तेच आहे. कपाट मात्र अधिसूचनेच्या आधीपासूनचं आहे. मी विचारायला गेले तर बडे बाबू म्हणाले, “मॅडम, ऐसे कैसे निकाल दें? विभाग से लिखवा के लाओ, किसलिए चाहिए.” किसलिए. त्यांना कारण हवं होतं, कागदावर, सहीनिशी. घरगुती कामासाठी बारावीची मूळ गुणपत्रिका कोण नेतं?

टी.सी.ची गोष्ट गुणपत्रिकांहून वेगळी, आणि मुलांचा गोंधळ इथेच होतो. गुणपत्रिका आपली, ती परत मागायची. टी.सी. मात्र एका कॉलेजातून निघून दुसऱ्यात जमा होते आणि तिथेच राहते. तिसरीकडे जायचं असेल तर दुसऱ्या कॉलेजने आपली नवी टी.सी. द्यावी लागते, आणि ती मिळते प्रवेश रद्द केल्यावर, सगळीकडचा नो ड्यूज शिक्का घेतल्यावर. म्हणजे पुणं म्हणणार टी.सी. आणा मग प्रवेश देतो, आणि इंदूर म्हणणार प्रवेश सोडा मग टी.सी. देतो. हातची जागा सोडून समोरची मिळेल या भरवशावर कोणी जाऊ नये. गेल्या पाच-सात वर्षांत दोन मुलं तशी गेलेली मी पाहिली, दोन्हीकडून राहिलेली. विद्यापीठ बदलतं म्हणून वर मायग्रेशन सर्टिफिकेटही लागतं, त्याशिवाय नवं विद्यापीठ पात्रता देत नाही. पण ते मागाहून चालतं.

तेव्हा अर्ज पुन्हा लिहायचा ठरला. तिच्या आजोबांनी फोनवरून मसुदा सांगायला घेतला, ‘कृपासिंधू’पासून. तो बाजूला ठेवला. तिने लिहिला तो इंग्रजीतच होता, मी इथे मराठीत देते :

‘महोदय, मी एम.सी.ए. प्रथम सत्राची विद्यार्थिनी आहे. महाराष्ट्राच्या केंद्रीभूत प्रवेशप्रक्रियेत मी पुण्यातील एम.सी.ए. अभ्यासक्रमासाठी सहभागी आहे. वेळापत्रक सोबत जोडले आहे. दुसऱ्या फेरीचे वाटप बुधवारी जाहीर होईल. जागा मिळाल्यास मला शुक्रवार व शनिवार आणि प्रवासात अडचण आल्यास सोमवार, अशी रजा लागेल. जागा न मिळाल्यास मी रजा घेणार नाही. तिसऱ्या फेरीत मिळाल्यास तारखा त्याप्रमाणे बदलतील. निकाल मी त्याच रात्री आपणांस कळवीन. शनिवारची अंतर्गत परीक्षा बुडाल्यास ती नंतर देण्याची परवानगी मिळावी. पडताळणीसाठी माझ्या मूळ गुणपत्रिका पोच घेऊन परत मिळाव्यात, तसेच माझी टी.सी. महाविद्यालयात जमा असल्याचे पत्र मिळावे. हा प्रवेश रद्द करण्याचा अर्ज नाही. तसा निर्णय झाल्यास मी स्वतंत्र अर्ज देईन.’

शेवटची दोन वाक्यं माझी. ती घालताना तिला नवल वाटलं, पण ऑफिसात मी वीस वर्षं काढली आहेत. ‘पुण्याला प्रवेश घेत आहे’ एवढं वाचून कोणी तिचं नाव कापलं असतं तर भांडायला कागद नव्हता. उलट बाजूही होती : फी परत मिळायची तर सोडण्याचा स्पष्ट अर्ज लागतो आणि त्यावरची तारीख मोजली जाते. आयोगाच्या त्याच अधिसूचनेतला तक्ता साधा आहे. प्रवेशाच्या जाहीर शेवटच्या तारखेच्या किमान पंधरा दिवस आधी सोडलं तर थोडं प्रक्रिया शुल्क वजा करून सगळी फी परत. पंधरा दिवसांहून कमी उरले असताना 90 टक्के, तारीख उलटल्यावर पंधरा दिवसांपर्यंत 80, त्यापुढे तीस दिवसांपर्यंत 50, नंतर काही नाही. आमच्या कॉलेजने हाच तक्ता माहितीपुस्तिकेत छापलेला आहे, मुलांनी वाचावा अशी अपेक्षा न ठेवता.

विभागप्रमुखांनी अर्ज वाचला, दोनदा वाचला, आणि म्हणाले, “यह तो बता के जा रही है.” मग सही केली. आवक नोंदीचा नंबर पडला. तिने झेरॉक्सवर शिक्का मारून घेतला. बडे बाबूंनी गुणपत्रिका मोजून दिल्या, वहीत सही घेतली, आणि टी.सी.बद्दलचं दोन ओळींचं पत्र टाइप करायला दीड दिवस लावला. तो दीड दिवस आम्ही धरलेलाच नव्हता. बुधवारच्या निकालानंतर अर्ज दिला असता तर ते पत्र शुक्रवारी संध्याकाळी मिळालं असतं, आणि पुण्यात शनिवारी पाचला खिडकी बंद.

पहिल्या फेरीत तिला सहावी पसंती मिळाली. हजार रुपये भरले, बेटरमेंट. हे तिने रविवारी चार वाजून चाळीस मिनिटांनी केलं, कारण दुपारी पैसे कापले गेले आणि पावती आली नाही. शेवटी काकांच्या कार्डावरून पुन्हा भरले, आधीचे आठवड्याने परत आले. ‘रविवारपर्यंत’ याचा अर्थ रात्री बारापर्यंत असा तिचा समज असता तर गोष्ट इथेच संपली असती. दुसऱ्या फेरीत दुसरी पसंती. बुधवारी रात्री नऊला मला फोन : “काकू, मिळालं.” कॉलेजचं काम असूनही काकू म्हणाली, म्हणून मी समजले.

पुण्यात शुक्रवारी तिला साडेअकराला खिडकीवरून परत पाठवलं, टी.सी. नाही म्हणून. पत्र दाखवल्यावर आत कोणाला तरी विचारून आले आणि पंधरा दिवसांत टी.सी. आणि मायग्रेशन देण्याचं हमीपत्र लिहून घेतलं. फी भरली, पावती घेतली. शनिवारी मोकळी होती, तर मावसबहिणीबरोबर शनिवारवाडा बघून आली. तिथून फोटो पाठवला, खाली लिहिलं होतं, ‘ओ.एम.एस. ॲट शनिवारवाडा’.

सोमवारी सकाळी ती दारात उभी, हातात तिसरा अर्ज. प्रवेश रद्द करण्याचा. आमच्या प्रवेशाची शेवटची तारीख यायला नऊ दिवस होते. फी 40000 भरली होती, 36000 परत मिळतील असं मी तिला सांगितलं आणि बडे बाबूंनी तोंड वाकडं करून मान हलवली. नो ड्यूजसाठी लायब्ररीत गेली तर तिच्या नावावर एक पुस्तक निघालं, आणि ते पुण्यात मावसबहिणीकडे राहिलं होतं, बसमध्ये वाचायला नेलेलं. ते कुरिअरने यायला चार दिवस गेले. बारावीची गुणपत्रिका सांभाळून परत आणणारी मुलगी डेटा स्ट्रक्चरचं पुस्तक विसरते.

शनिवारची परीक्षा तिने दिलीच नाही, द्यायचं कारणही उरलं नव्हतं. पण विभागप्रमुखांनी तिच्यासाठी म्हणून दुसरी तारीख लावून ठेवली होती, आणि त्या तारखेला ताप आलेली तीन मुलं येऊन परीक्षा देऊन गेली.

हजेरीपटात तिच्या नावापुढे त्या शुक्रवारी आणि शनिवारी ‘एल’ आहे, सोमवारी ‘पी’, आणि त्यानंतर रेघ. दिवाळीत ती आली तेव्हा आजोबांचं पत्र घेऊन आली. मुख्यमंत्र्यांचं नव्हे, माझ्यासाठी. चार पानं, वळणदार अक्षर, सुरुवात ‘कृपासिंधू’. अजून पुरतं वाचून झालेलं नाही.